मार्केटिंगच्या बजेटमधली प्रत्येक ओळ कशासाठी आहे?

मार्केटिंग विभागात नव्याने आलेल्या माणसाच्या हातात पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच बजेटची शीट येते. त्यात ओळी असतात: डिजिटल जाहिराती, वर्तमानपत्र, होर्डिंग, डेमो, शूट आणि डिझाइन, एजन्सी फी. प्रत्येक ओळीपुढे रक्कम, आणि बहुतेक वेळा ती गेल्या वर्षीच्या रकमेत दहा टक्के घालून आलेली असते. मोहिमेचं उद्दिष्ट मात्र वेगळ्याच प्रेझेंटेशनमध्ये असतं, 'दिवाळीत विक्री 40 टक्के वाढवणे' अशा शब्दांत. ही दोन कागदपत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. अकाउंट्सला खर्च कोणत्या प्रकारचा एवढंच हवं असतं, तो कशासाठी केला हे त्यांच्या खात्यांत कुठेच येत नाही. ते जोडायचं काम मार्केटिंगमधल्याच कुणाला तरी करावं लागतं, आणि ते सहसा सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. माझ्याही पडलं होतं.

आमची कंपनी घरगुती पीठगिरण्या बनवते. वीस हजारांच्या आसपासची वस्तू, घरात चर्चा होऊन घेतली जाणारी, आणि दसरा-दिवाळीला सर्वांत जास्त खपणारी. 2024च्या दिवाळी मोहिमेचं उदाहरण घेतो. आकडे गोल केले आहेत, प्रमाणं खरी आहेत.

आदल्या वर्षी घटस्थापना ते भाऊबीज या काळात 1,500 गिरण्या गेल्या होत्या, या वेळी 2,100 हव्या होत्या. इथे तुलना तिथीने करायची, तारखेने नाही. 2023चं लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं आणि 2024चं 1 नोव्हेंबरला. ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहिला असता तर काहीही न करता विक्री वाढलेली दिसली असती, आणि एजन्सीने त्याचं श्रेय आनंदाने घेतलं असतं.

उद्दिष्ट 2,100 असलं तरी मोहिमेच्या नावावर 1,500 गिरण्या धरता येत नाहीत. त्या बहुधा जाहिरातीशिवायही गेल्या असत्या. मोहिमेचं काम म्हणजे वरच्या 600. एका गिरणीमागे बनवण्याचा खर्च, डीलरचं मार्जिन आणि कर वजा जाता कंपनीकडे 5,000 रुपये उरतात. म्हणजे 600 गिरण्यांचे 30 लाख. ही या मोहिमेची कमाल मर्यादा: याच्यापुढे खर्च केला तर विक्री वाढूनही तोटा. आणि एजन्सीच्या प्रस्तावाची बेरीज किती होती? बरोबर 30 लाख. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं असतं तरी हाती शून्य. हा गुणाकार मीटिंगमध्ये कुणी फळ्यावर केला नव्हता, एवढंच.

यानंतर प्रत्येक ओळीला विचारायचं, की या 600पैकी तुझ्या किती?

डेमोची ओळ सर्वांत सोपी निघाली. डीलरच्या दुकानात आमची एक प्रशिक्षित बाई गिरणी लावून गहू, ज्वारी, बेसन दळून दाखवते. तिचं मानधन, धान्य आणि वाहतूक धरून दिवसाला 2,000 रुपये. आदल्या दिवाळीत डेमो झालेल्या दुकानांत दहा दिवसांत सरासरी 15 गिरण्या गेल्या होत्या. तेवढ्याच वकुबाच्या, पण डेमो न झालेल्या दुकानांत 5. म्हणजे 15पैकी 5 तशाही गेल्या असत्या, डेमोच्या खऱ्या 10. चाळीस दुकानं, प्रत्येकी दहा दिवस, असे 400 डेमो-दिवस धरले तर खर्च 8 लाख आणि जादा गिरण्या 400. जादा गिरणीमागे 2,000 रुपये. प्रस्तावात या ओळीला 6 लाखच होते, कारण डेमोवर एजन्सीला कमिशन मिळत नाही. (हा माझा तर्क आहे, पण मी त्यावर ठाम आहे.)

या हिशेबातला कच्चा दुवाही सांगतो. सेल्सवाले डेमो त्यांच्या चांगल्या दुकानांना देतात. चांगल्या दुकानात विक्री जास्त होणारच, मग फरक डेमोचा की दुकानाचा? म्हणून 2024मध्ये आम्ही साधारण सारख्या साठ दुकानांची यादी केली आणि चिठ्ठ्या टाकून चाळीस निवडली. उरलेल्या वीस दुकानांच्या डीलरांनी कुरकुर केली, त्यांना गुढीपाडव्याला डेमो देण्याचं कबूल करून गप्प बसवलं.

डिजिटलचं गणित याहून फसवं. आमच्या अनुभवात एका एन्क्वायरीला 200 रुपये पडतात. त्यांतले निम्मे फोनवर सापडतात, सापडलेल्यांतले एक तृतीयांश दुकानात डेमो बघायला येतात आणि आलेल्यांतले 40 टक्के घेतात. 6 लाखांच्या 3,000 एन्क्वायरी, त्यांतून 1,500 बोलणी, 500 भेटी, 200 गिरण्या. गिरणीमागे 3,000. ठीक आहे, पण या 200 गिरण्या डेमोच्या टेबलावरच विकल्या जातात. मग त्या डेमोच्या ओळीत मोजायच्या की डिजिटलच्या? दोन्ही ओळींचे मालक आपापल्या शीटमध्ये मोजतात आणि वर्षअखेरीला दोघांची बेरीज कंपनीच्या एकूण विक्रीच्या पुढे जाते.

आम्ही ते असं सोडवलं. डिजिटलच्या ओळीपुढे अपेक्षित परिणाम म्हणून गिरण्या लिहिल्याच नाहीत, 'डेमोला 500 भेटी' असं लिहिलं. गिरण्यांचा हिशेब दुकानात एकाच ठिकाणी. जाहिरातीशिवाय डेमो-दिवसाला दीड गिरणी जाते, बोलावून आणलेल्या माणसांमुळे ती दोनवर जायला हवी. अर्धा गुणिले 400 दिवस, पुन्हा 200च. एकच आकडा दोन बाजूंनी आला की थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन बाजूंनी दोन वेगळे आकडे आले, तर मधलं कुठलं तरी प्रमाण हवेत आहे असं समजावं.

डेमोच्या 400 आणि डिजिटलच्या 200 मिळून 600 झाल्या. आता वर्तमानपत्राच्या ओळीला काय काम उरलं? आमचे मार्केटिंग हेड म्हणाले, "मग पेपर बंदच करून टाकू." सेल्सचे साहेब उसळले, "पेपरात नाव आलं नाही तर डीलर माल उचलणार नाही!" आणि त्यांचं बरोबर होतं. पानभर जाहिरातीच्या तळाशी गावोगावच्या डीलरांची नावं असतात. ती जाहिरात ग्राहकाइतकीच डीलरसाठी असते. नाव येणार म्हटल्यावर तो आधी पैसे भरून माल घेतो, आणि दुकानात माल नसेल तर डेमो बघून खूश झालेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. म्हणून त्या ओळीला 6ऐवजी 4 लाख दिले आणि पुढे लिहिलं: 'घटस्थापनेपर्यंत 120पैकी 90 डीलरांकडे किमान आठ गिरण्यांचा साठा.' हे तपासायला बिलिंगची यादी पुरते. जी ओळ थेट विक्री आणत नाही तिच्यापुढे 'ब्रँड अवेअरनेस' लिहून मोकळं होण्याची सवय सगळीकडे आहे. त्याऐवजी या खर्चामुळे कोण काय वेगळं करेल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते कुठल्या रजिस्टरमध्ये दिसेल, हे लिहावं. होर्डिंगच्या 5 लाखांपुढे आम्हाला असं काहीच लिहिता आलं नाही. ती ओळ गेली.

शूट-डिझाइनला 2 लाख, एजन्सीला दीड. या दोन ओळींना स्वतंत्र उद्दिष्ट देण्याचा खटाटोप करू नये, त्या ज्या कामासाठी आहेत त्या ओळींवर वाटून टाकाव्यात. एकूण साडेएकवीस लाख.

इथे गणित संपलं असं वाटतं, आणि नेमकं इथेच मोठं भोक असतं. सेल्सने त्याच दिवाळीसाठी डीलरला गिरणीमागे 500 रुपयांची जादा स्कीम ठरवली होती. ती मार्केटिंगच्या बजेटमध्ये दिसत नाही, कारण डीलरला दिलेली सूट हिशेबात विक्रीतूनच वजा होते. पण ती मिळणार होती सगळ्या 2,100 गिरण्यांवर, म्हणजे साडेदहा लाख. आमच्या साडेएकवीस लाखांत ते मिळवले की 32 लाख, मर्यादेच्या वर. ज्या 1,500 गिरण्या तशाही जाणार होत्या त्यांच्यावर साडेसात लाख उधळले जाणार होते. चर्चेअंती स्कीम बदलली: डीलरने स्वतःच्या गेल्या वर्षीच्या आकड्यावर विकलेल्या प्रत्येक गिरणीला 400 रुपये. साधारण 2 लाख 40 हजार. एकूण खर्च 23 लाख 90 हजारांवर थांबला आणि हाती सहा लाखांच्या वर उरण्याची सोय झाली. तेव्हा बजेट बघायला घेतलं की पहिल्याच दिवशी सेल्सकडे जाऊन स्कीमचं परिपत्रक मागून घ्या. ते आपणहून कुणी पाठवत नाही.

आता कागदावरची जोडणी अकाउंट्सपर्यंत पोचवायची. टॅलीमध्ये कॉस्ट सेंटरची सोय असते. खर्चाचं खातं तेच ठेवून प्रत्येक नोंदीला मोहिमेचा कोड लावता येतो. आमचे कोड असे असतात: `DIW24-DEMO-NSK`, म्हणजे दिवाळी 24, डेमो, नाशिक. कोड बिलावर नाही, पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर लावायचा. बिल दीड-दोन महिन्यांनी येतं, तेव्हा कुणाला काही आठवत नसतं, आणि जे आठवत नाही ते 'इतर'मध्ये जातं. एकाच शूटचे फोटो दिवाळी आणि पाडवा दोन्हीला वापरणार असाल तर पीओ काढतानाच वाटणी लिहून घ्या. रकमा जीएसटी वगळून धरा, कारण जाहिरातीवरचा कर आपल्याला क्रेडिट म्हणून परत मिळतो. फुकट वाटायच्या भेटवस्तूंवरचा मात्र मिळत नाही, तिथे करासकट रक्कम धरावी लागते.

मोहीम सुरू झाली की विक्रीचा आकडा यायला वेळ लागतो, म्हणून साखळीतल्या मधल्या कड्या दर सोमवारी बघायच्या. पितृपक्षात एन्क्वायरी येतात पण खरेदी होत नाही, तेव्हा त्या पंधरवड्यावरून घाबरूही नये आणि खूशही होऊ नये. आमच्याकडे नाशिकची एन्क्वायरी अचानक 120 रुपयांना पडू लागली. एजन्सीने त्याचा वेगळा स्लाइड केला. पण फोनवर सापडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावरून एक पंचमांशावर आलं होतं. त्यांनी जाहिरात वेबसाइटऐवजी फेसबुकच्याच फॉर्मवर नेली होती. तिथे नाव-नंबर आपोआप भरून येतात, कित्येकदा जुने, आणि माणूस सहज बोट लावून पुढे जातो. प्रत्यक्ष बोलण्याचा खर्च 400वरून 600 झाला होता. फॉर्ममध्ये 'रोज किती माणसांचं पीठ लागतं?' हा एक प्रश्न हाताने भरायला घातला, तेव्हा एन्क्वायरी महागल्या आणि बोलणी पुन्हा 400च्या आसपास आली.

शेवटचं, वार्षिक बजेट करणाऱ्यांसाठी. गुढीपाडवा 2023मध्ये 22 मार्चला होता, 2024मध्ये 9 एप्रिलला आणि 2025मध्ये 30 मार्चला. म्हणजे 2023-24 या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि 2024-25मध्ये दोनदा आला. महिन्यांवरून बजेट काढणाऱ्याला पहिल्या वर्षी पैसे उरलेले दिसतात आणि दुसऱ्या वर्षी ओळ फुटलेली. म्हणून आम्ही शीटमध्ये महिन्याच्या रकान्याशेजारी सणाचा रकाना ठेवतो. मार्चअखेरच्या पाडव्याची बिलं एप्रिलमध्ये येतात, त्यांची तरतूद 31 मार्चच्या आत अकाउंट्सला कोडसकट कळवतो.