रेट कार्ड सबस्क्रायबर बघून लावताय? या चुका टाळा

ताईचं यूट्यूबवर रेसिपी चॅनल आहे, नाशिकला गंगापूर रोडच्या किचनमधूनच सगळं शूट होतं, आणि मेल, बिलं, क्लायंटचे फोन हे माझ्याकडे. गेल्या वर्षी चॅनल 1,38,000 सबस्क्रायबरवर होतं तेव्हा अंबड एमआयडीसीतल्या एका मसालेवाल्यांचा फोन आला, व्हिडिओत जाहिरात करायचा रेट काय म्हणून. माझ्याकडे रेट नव्हताच. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं होतं की लाखाला तीस हजार लावायचे, मी कॅल्क्युलेटरवर 41,400 काढले आणि घासाघीस होऊन चाळीसला डील झाली, निम्मे अ‍ॅडव्हान्स. आम्ही त्या रात्री मिसळ खाऊन सेलिब्रेट पण केलं.

महिन्याभराने त्यांचा एक्सेल आला. व्हिडिओला 8,900 व्ह्यूज, म्हणजे एका व्ह्यूला साडेचार रुपये. त्यातले भारतातले 6,600, म्हणजे त्यांच्या हिशोबाने सहा रुपये, कारण त्यांचा मसाला महाराष्ट्राबाहेर जातच नाही. मालक शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमचे एक लाख अडतीस हजार लोक गेले कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेल्या वीस हजारात आणखी दोन व्हिडिओ फुकट करून दिले तेव्हा विषय मिटला, आणि ते परत आले नाहीत.

लोक गेले कुठे, तर ते आलेच नव्हते

नंतर बसून बघितलं तेव्हा कळलं. ताईचा मिसळीच्या तर्रीचा एक शॉर्ट 42 लाखांवर गेला होता आणि निम्म्याहून जास्त सबस्क्रायबर त्या एका शॉर्टने दिलेले. हे लोक अंगठा वर सरकवता सरकवता सबस्क्राइब दाबून गेले, नऊ मिनिटांचा पुरणपोळीचा व्हिडिओ बघायला ते येणार नाहीत. सबस्क्रायबरचा आकडा सहसा वर चढत राहतो, पाहणं सोडलेले लोक त्यात तसेच पडून राहतात. स्पॉन्सर पैसे देतो ते पुढच्या व्हिडिओसाठी, म्हणून आकडा पण पुढच्या व्हिडिओला किती लोक येतील याचाच पाहिजे.

आणि शॉर्ट्सचे व्ह्यूज लांब व्हिडिओत मिसळायची चूक तर अजिबात करू नका. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट चालू झाला की व्ह्यू धरला जातो, किती सेकंद बघितला याला काही किमान अट नाही. आधीसारखा मोजलेला आकडा स्टुडिओत Engaged views नावाने वेगळा दिसतो. शॉर्ट विकायचा असेल तर त्याची वेगळी ओळ करा आणि हाच आकडा धरा.

सरासरी काढली, तीही चुकीची

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो असं मला वाटलं. शेवटचे बारा लांब व्हिडिओ घेतले, प्रत्येकाचे पहिल्या 30 दिवसांचे व्ह्यूज लिहिले (व्हिडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये तारखा स्वतः टाकायच्या, पब्लिश झाल्यापासून तीस दिवस, आणि जो व्हिडिओ अजून महिन्याचा झाला नाही तो घ्यायचाच नाही). आकडे असे होते: 8,200, 9,100, 7,600, 11,400, 64,000, 8,800, 10,300, 6,900, 9,700, 12,100, 8,500, 9,400. सरासरी आली 13,833. आता तुम्हीच बघा, बारापैकी अकरा व्हिडिओ या सरासरीच्या खाली आहेत! तो 64,000 वाला दिवाळीचा चकलीचा व्हिडिओ सगळ्यांना खांद्यावर घेऊन उभा आहे. क्लायंटला 13,833 सांगितले असते तर परत तोच एक्सेल आला असता.

म्हणून मधला आकडा घ्यायचा, म्हणजे सगळे चढत्या क्रमाने लावून मधोमध येतो तो, आणि बारा आकडे असले तर मधल्या दोघांची सरासरी. शीटमध्ये व्ह्यूज बी कॉलममध्ये असतील तर एवढंच:

```
=MEDIAN(B2:B13)
```

आमचा आला 9,250. ऐकायला कमी वाटतो पण पुढचा व्हिडिओ साधारण त्याच्या आसपासच पडतो. आणखी एक, एखाद्या व्हिडिओवर तुम्ही स्वतः पैसे टाकून प्रमोशन केलं असेल तर ट्रॅफिक सोर्समध्ये YouTube advertising नावाने ते व्ह्यूज दिसतात, ते आधी वजा करा. विकत घेतलेले व्ह्यूज परत विकणं बरं दिसत नाही.

सीझनचं पण बघा. पिंपळगावकडचा माझा एक मित्र द्राक्षबागेचं चॅनल चालवतो, सबस्क्रायबर फक्त 19,000. ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी, भुरी हे रोग आणि फवारणी यासाठी लोक रोज बघतात आणि त्याचा मधला आकडा 26,000 वर जातो, मेमध्ये तोच सहा-सात हजारांवर येतो. तो वर्षभर एकच रेट लावायचा, पाच हजार, आणि ब्लोअर विकणारा डीलर ऐन सीझनला खुशीत घेऊन जायचा. त्याच्याकडे बघणारे जवळपास सगळे बागायतदार, म्हणजे डीलरला पाहिजे तोच माणूस, असा प्रेक्षक हजारी, म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे, ताईच्या प्रेक्षकापेक्षा महागच विकला पाहिजे. आता त्याने दोन कार्ड केलीत, छाटणी ते काढणी एक आणि बाकी वर्षाचं दुसरं. सबस्क्रायबर बघून रेट लावला की नुकसान नेहमी क्लायंटचंच होतं असं नाही.

देशांची टक्केवारी पूर्ण चॅनलची घेऊ नका

ही मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. ऑडियन्सच्या पानावर भारत 91% दिसायचा आणि मी तोच पाठवायचो. पण त्यात शॉर्ट्स मिसळलेले होते. अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये जाऊन फक्त लांब व्हिडिओंचा फिल्टर लावला आणि Geography उघडलं तर भारत 74%, अमेरिका 11, युएई 5, इंग्लंड 4, बाकी इकडेतिकडे. कारण सोपं आहे, परदेशात राहणारी आपली माणसं उकडीच्या मोदकाची कृती पूर्ण बघतात, पोळी करत करत बघतात, थांबवून परत बघतात.

आता इथे लोक लगेच उडी मारतात की फॉरेन ऑडियन्स आहे म्हणजे रेट वाढवा. थांबा जरा. सातपूरच्या मसालेवाल्याला न्यू जर्सीतली मावशी काय कामाची? त्याच्यासाठी 9,250 चे 74% म्हणजे 6,845 व्ह्यूज, बाकीचे फुकट. उलट परदेशात पापड-लोणची पाठवणारा असेल तर त्याला भारत नको, त्याला अमेरिका, युएई आणि इंग्लंड मिळून 20% पाहिजे, म्हणजे 1,850 व्ह्यूज. सगळ्यांना मिळून एकच रेट लावला की एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त पडतो.

हजारी रेट आणायचा कुठून

बाजारभाव म्हणून कोणीही आकडा सांगेल, त्याच्या मागे लागू नका, स्वतःच्या जुन्या डीलमधून काढा. पहिली डील चाळीस हजारात तीन व्हिडिओ, भारतातले एकूण 20,000 व्ह्यूज, म्हणजे हजारी 2,000, आणि क्लायंट गेला तो गेलाच. नंतर एका लाकडी घाण्याच्या तेलवाल्यांनी 9,000 दिले, भारतातले 7,200 आले, हजारी 1,250, ते तीन महिन्यांनी परत आले. एका मिक्सर डीलरने 8,000 दिले, 6,900 आले, हजारी साधारण 1,160, तोही परत आला. म्हणून आम्ही 1,200 धरला. हा आमच्या चॅनलचा आकडा आहे, तुमचा वेगळा निघेल.

मग 6,845 ला 1,200 ने 8,214 होतात, कार्डवर 8,500 लिहिले. परदेशी व्ह्यूजला आम्ही हजारी 3,000 लावतो, तर पापडवाल्याचे 5,550 झाले. बघा, रेट अडीचपट आणि बिल कमी! शिवाय ताईचे शूट-एडिटचे दोन दिवस आणि सामान धरून आमचा खालचा आकडा 7,000 आहे, त्याखाली व्हिडिओ परवडत नाही, म्हणून त्याला 7,000 सांगितले आणि का ते पण सांगितलं. दोन्हीकडे विकणारा कोणी आला तर दोन्ही मिळून 14,000.

एंगेजमेंटने गुणायचं नसतं

लाइक अधिक कमेंट भागिले व्ह्यूज, आमचं साधारण 485 भागिले 9,250, म्हणजे 5.2%. कोणी म्हणतं पाचच्या वर म्हणजे रेट दुप्पट करा. मला ते पटत नाही. चॅनल लहान असताना टक्का जास्तच असतो आणि "कमेंट करा, कुकर जिंका" म्हटलं की तो कुठल्या कुठे जातो. मी स्वतःच्याच मागच्या बारा व्हिडिओंशी तुलना करतो आणि कमेंट वाचतो. "खूप छान ताई" शंभर असतील तरी क्लायंटला त्याचं काय? "ही कढई कुठे मिळेल" अशा दहा कमेंट असतील तर त्याचे स्क्रीनशॉट कार्डसोबत जातात, आणि त्यावर रेट दहा-पंधरा टक्के वर मागायला मी लाजत नाही.

खरा पैसा रिटेन्शनच्या ग्राफमध्ये आहे. त्या पहिल्या डीलमध्ये मसाल्याची जाहिरात साडेसहाव्या मिनिटाला होती, तिथपर्यंत 38% लोक उरलेले, म्हणजे 8,900 पैकी साधारण 3,400 जणांनीच ती बघितली! आता पहिल्या दीड मिनिटात टाकली तर आमच्याकडे 68% असतात, चौथ्या मिनिटाला 46. म्हणून 8,500 हा मधल्या जागेचा रेट आणि सुरुवातीच्या जागेला 11,000. ग्राफ जाहिरातीच्या जागी खड्ड्यासारखा खाली जाऊन लगेच वर येत असेल तर लोक ती ढकलून पुढे जातायत, मग जागा बदलण्याआधी बोलणं बदला. ताईने पाठ केलेली स्क्रिप्ट सोडून फोडणीत मसाला टाकता टाकता बोलायला सुरुवात केली तेव्हा आमचा खड्डा बराच भरला.

क्लायंट अडला तर

"त्या दुसऱ्या चॅनलचे तीन लाख आहेत, तो दहा हजारात करतो" असं आलं तर मी वाद घालत नाही, एवढंच म्हणतो की साहेब, त्यांच्या शेवटच्या बारा लांब व्हिडिओंचे व्ह्यूज चॅनलवर उघडे दिसतात, मोजा आणि भागा. व्ह्यूजची गॅरंटी मागितली तर मधल्या आकड्याच्या 80% देतो, म्हणजे 7,400, तेही तीस दिवसांत. कमी पडले तर पुढच्या व्हिडिओत वीस सेकंदांचा उल्लेख आणि पिन केलेली लिंक, पैसे परत नाहीत, आणि हे अ‍ॅडव्हान्स घ्यायच्या आधी मेलवर लिहून घेतो. जाहिरातीचा तुकडा ते स्वतःच्या पेजवर चालवणार असतील तर त्याचे वेगळे पैसे, ही ओळ विसरलो म्हणून घाण्यावाल्यांनी आमची क्लिप चार महिने चालवली.

आता कार्डवर सबस्क्रायबरचा आकडा सगळ्यात खाली, बारीक अक्षरात आहे. दर तीन महिन्यांनी बारा व्हिडिओ नव्याने मोजतो. मागच्या वेळी मधला आकडा 8,700 वर आला तेव्हा रेट 8,000 केला, ताई दोन दिवस बोलत नव्हती माझ्याशी.