दुसऱ्याच्या गाडीचं चलान आपल्या नावावर आलं तर

दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्याला पुण्यातलं विनाहेल्मेट चलान आलं. त्याची मोटारसायकल यवतमाळ जिल्ह्याबाहेर कधी गेलीच नव्हती. अशा वेळी "जाऊ द्या, कटकट नको" म्हणून पैसे भरू नका. दंड भरला की तडजोड झाली, म्हणजे गुन्हा आपणच मान्य केला.

मेसेजमधली लिंक न उघडता mahatrafficechallan.gov.in स्वतः टाइप करा (खोट्या लिंका फार फिरतात). गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे 4 अंक टाकले की चलानाचा फोटो दिसतो. सगळी भिस्त त्या फोटोवर असते. इथे फोटोत स्कूटर होती आणि नंबरातला 8 चा 3 वाचला गेला होता.

फोटोचा स्क्रीनशॉट, आरसी आणि आपल्या गाडीचा नंबरप्लेटसह फोटो जोडून तिथेच तक्रार टाका. त्या दिवशीची कापूस विकल्याची पावती असेल तर तीही जोडा, पण ती माणूस कुठे होता ते सांगते, गाडी नव्हे. तोच अर्ज जिल्हा वाहतूक शाखेत द्या आणि पोच घ्या. फोटोत हुबेहूब आपलाच नंबर दुसऱ्या गाडीवर दिसला तर पोलीस ठाण्यातही तक्रार करा, कारण कोणी तरी आपला नंबर वापरतोय.

तरी चलान रद्द झालं नाही आणि समन्स आलं, तर तारखेला हजर राहून "गुन्हा कबूल नाही" म्हणा, हेच कागद दाखवा. लोकअदालतीत तडजोड होते. चूक कोणाची, याचा निवाडा तिथे होत नाही.