पाळीच्या वेळा बदलताय? नोटिशीतल्या या चुका टाळा

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरातल्या टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत पाळी तासभर अलीकडे घेण्याचा विचार सुरू होतो. दुपारी शेडखालचा उकाडा लक्षात घेता विचार योग्यच असतो. गडबड होते ती नोटिशीत. उदाहरणासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला दोन पाळ्यांचा एक काल्पनिक कारखाना घेऊ. पहिली पाळी सकाळी ८ ते ४.३०, दुसरी ४.३० ते रात्री १. प्रत्येक पाळीत अर्ध्या तासाची सुट्टी. मालकाला पहिली पाळी ७ ते ३.३० आणि दुसरी ३.३० ते १२ करायची आहे.

पहिली चूक: प्रस्तावाऐवजी हुकूम लिहिणे

"सर्व कामगारांना कळविण्यात येते की उद्यापासून पाळीची वेळ ७ वाजता राहील." फलकावर हा कागद लागला की पुढे बैठक घेतली तरी तिला अर्थ उरत नाही, कारण निर्णय आधीच जाहीर झालेला असतो. कायद्यालाही हे चालत नाही. कामाचे तास, विश्रांतीची वेळ आणि स्थायी आदेशांत न बसणारा पाळीतला बदल, या गोष्टींसाठी बाधित कामगारांना आधी नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावे लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९-अ मध्ये होते, औद्योगिक संबंध संहितेत ते कलम ४० मध्ये आहे. तुमच्या कारखान्याला प्रमाणित स्थायी आदेश लागू असतील, तर पाळी बदलण्याबद्दल त्यांत काय लिहिले आहे ते सर्वांत आधी वाचा.

नोटिशीची भाषा साधारण अशी असावी:

"पहिल्या पाळीची वेळ सकाळी ७ ते दुपारी ३.३० (सुट्टी ११ ते ११.३०) आणि दुसरीची दुपारी ३.३० ते रात्री १२ (सुट्टी ७.३० ते ८) करण्याचा प्रस्ताव आहे. कारण: उन्हाळ्यातील उष्णता. कालावधी: ३० मार्च ते १५ जून. पगार, साप्ताहिक सुट्टी आणि रोजचे ८ तास यांत बदल नाही. हरकती व सूचना १४ मार्चपर्यंत टाइम ऑफिसमध्ये लेखी किंवा तोंडी द्याव्यात. प्रत्येक हरकतीचे उत्तर १९ मार्चला फलकावर लावले जाईल."

राज्याच्या नियमांत ठरवलेला नमुना असेल तर मजकूर त्यातच भरा. तो सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या.

दुसरी चूक: गेटची वेळ बदलली, सुट्टीची राहून गेली

ही चूक सहज नजरेतून सुटते. जुन्या वेळेत जेवणाची सुट्टी १२.३० ला होती, म्हणजे आधी साडेचार तास काम. पाळी ७ ला सुरू करून सुट्टी तिथेच ठेवली की सलग काम साडेपाच तासांवर जाते. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, ही १९४८ च्या कारखाना कायद्यात असलेली मर्यादा यात ओलांडली जाते. वर मागावरच्या माणसाला उपाशीपोटी उभे राहावे लागते ते वेगळेच. दुसऱ्या पाळीची सुट्टी ८.३० लाच ठेवली तर काम बरोबर पाच तास होते, पण मग दहा मिनिटांचाही उशीर चालणार नाही. म्हणून नोटिशीत प्रत्येक पाळीच्या चार वेळा लिहा: सुरुवात, सुट्टीची सुरुवात, सुट्टीचा शेवट, काम संपण्याची वेळ. कामाच्या वेळांचा कायमचा तक्ताही त्याच दिवशी बदला.

तिसरी चूक: दिवस चुकीचे मोजणे

कागदावर तारीख २७ फेब्रुवारीची, फलकावर लागला २ मार्चला, आणि मोजणी सुरू २७ पासून. असे करू नका. नोटीस प्रत्यक्ष दिली तो दिवस सोडून पुढचे २१ दिवस मोजा. २ मार्चला सोमवार धरू. एकविसावा दिवस २३ मार्च, त्यामुळे २४ च्या आधी बदल नाही. २४ ला मंगळवार येतो. आठवड्याच्या मधोमध वेळ बदलली की ओव्हरटाइम आणि हजेरीचे हिशेब गुंततात, म्हणून रविवारच्या सुट्टीनंतर, ३० मार्चला बदल करा. आणखी एक धोका टळतो: बदलाच्याच दिवशी पाळीची फिरती आली, तर रात्री १ ला सुटलेला माणूस सकाळी ७ ला पुन्हा गेटवर हवा असतो. मधे सहाच तास.

फलकावर नोटीस लावल्याचा फोटो तारखेसह ठेवा. रजेवर असलेल्यांना प्रत घरी पाठवा. ठेकेदाराच्या माणसांची पाळीही बदलणार असेल तर ठेकेदारालाही त्याच दिवशी लेखी कळवा.

चौथी चूक: सूचनापेटी टांगली की सल्लामसलत झाली असे समजणे

पेटी रिकामी राहते याचा अर्थ हरकत नाही, असा होत नाही. पूर्व भागातून येणाऱ्या कित्येकांची घरची भाषा तेलुगू, काहींची कन्नड, आणि मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला सरकारी वळणाचा मजकूर वाचवत नाही. म्हणून ४ आणि ५ मार्चला दोन्ही पाळ्यांत, कामाच्या वेळेतच, वीस मिनिटांची बैठक घ्या आणि नोटीस त्या-त्या भाषेत वाचून दाखवा. दुसऱ्या पाळीसाठी टाइम ऑफिसचा माणूस निदान आठवडाभर संध्याकाळी थांबला पाहिजे. तोंडी हरकत त्याने वहीत लिहावी, वाचून दाखवावी, सही किंवा अंगठा घ्यावा आणि नोंदीचा क्रमांक कामगाराला द्यावा.

युनियन असेल तर तिला प्रत पहिल्याच दिवशी द्या. संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते. हरकतींची वही १६ मार्चला तिच्यापुढे ठेवा. स्त्री कामगारांना संध्याकाळी ७ नंतर किंवा सकाळी ६ च्या आधी कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. दुसरी पाळी तासभर आधी सुटते म्हणून हा प्रश्न मिटला असे नव्हे.

पाचवी चूक: हरकत मान्य केली, पण कागद केला नाही

समजा मोहोळकडून येणाऱ्या बाराजणांनी सांगितले की त्यांची पहिली गाडी सातनंतर पोहोचते. चर्चेत ७.१५ ते ३.४५ आणि ३.४५ ते १२.१५ असे ठरले. आता नोटिशीत एक वेळ आणि प्रत्यक्षात दुसरी. पुढे कोणी वाद काढला तर तोंडी समझोता उपयोगी पडत नाही. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा रीतसर करार करा आणि त्याची प्रत कामगार कार्यालयाला पाठवा. करारानुसार होणाऱ्या बदलाला वेगळी नोटीस लागत नाही. ११.१५ आणि ७.४५ या सुट्टीच्या वेळाही करारात लिहा.

१९ मार्चच्या उत्तरात प्रत्येक नोंदीपुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' आणि एका ओळीत कारण हवे. "व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम" हे कारण नव्हे. "दुसरी पाळी १२.१५ च्या पुढे नेल्यास कंपनीची बस मिळत नाही" हे कारण आहे.

सहावी चूक: घाईला आणीबाणी म्हणणे

अचानक उद्भवलेल्या परिस्थितीत तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून २१ दिवस न थांबता पाळी बदलता येते. ट्रान्सफॉर्मर जळाला आणि वीज फक्त रात्री मिळते आहे, अशा वेळी ही सवलत वापरा. उन्हाळा दरवर्षी येतो, तो यात धरता येणार नाही. निर्यातीची ऑर्डर उशिरा हातात घेतली हेही नाही. सवलत घेतलीच, तर समितीच्या बैठकीचे इतिवृत्त बदलाच्या आधीच्या वेळेचे असावे आणि नेहमीची पाळी कधी सुरू होणार ती तारीख त्यात लिहिलेली असावी.