नेमकी जागा कळवण्याआधी: फोनच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश वाचण्याची तयारी

फोन हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: येणाऱ्याला नक्की कुठे उभं करायचं आहे? तुम्ही झाडाखाली बसलेले असाल आणि गाडी मात्र दोनशे मीटर अलीकडे, कच्चा रस्ता संपतो तिथेच थांबणार असेल, तर पाठवायची जागा रस्ता संपतो ती. रस्ता दाखवणारं ॲप पिनेच्या सर्वांत जवळचा रस्ता शोधतं, आणि तो रस्ता ओढ्याच्या पलीकडचाही असू शकतो. म्हणून गाडीसाठी एक बिंदू आणि पायी पोचायचा दुसरा, असे दोन ठरवावेत. दोन्ही एकाच संदेशात, पण वेगवेगळ्या ओळींवर आणि पुढे काय ते लिहून.

मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नकाशाच्या ॲपला अचूक लोकेशनची परवानगी आहे का ते पाहा. आयफोन आणि नव्या अँड्रॉइड फोनमध्ये अंदाजे लोकेशन आणि अचूक लोकेशन असे दोन पर्याय असतात. अंदाजे ठेवलं असेल तर ॲपला तुमचा परिसर कळतो, जागा नाही. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं, ते ठिपक्याइतकंच महत्त्वाचं आहे. तुम्ही बहुधा त्या वर्तुळात कुठेतरी आहात, एवढंच फोन सांगत असतो. वर्तुळ मोठं असेल तर उघड्यावर या आणि ते आकसेपर्यंत थांबा. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते. उंच भिंती, दाट झाडी किंवा छप्पर असेल तर ती वाढते.

आता पिन. इथे घाई करू नये. आधी नकाशा जितका मोठा होईल तितका करा, सॅटेलाइट दृश्य लावा आणि ओळखीची खूण शोधा. मग त्या जागी बोट दाबून धरा. नुसतं टेकवू नका. बोट एखाद्या नाव असलेल्या जागेवर टेकलं की त्या जागेची नोंद उघडते आणि तिचा बिंदू बहुधा इमारतीच्या मधोमध असतो. तुम्हाला हवं असतं मागचं फाटक. दाबून धरल्यावर पिन पडली की अँड्रॉइडवर गूगल मॅप्सच्या वरच्या शोधपट्टीत दोन आकडे दिसतात. आयफोनवर ते खालच्या कार्डात, थोडं वर सरकवल्यावर मिळतात. ॲपलच्या नकाशातही पिन टाकून खालचं कार्ड वर ओढलं की सापडतात. उपग्रहचित्रात उंच इमारती आणि टॉवर कलंडल्यासारखे दिसतात. त्यामुळे पिन त्यांच्या माथ्यावर न टाकता जमिनीला टेकतात तिथे टाकावी.

खरी गडबड इथून पुढे, आकडे वाचताना होते. एकच जागा तीन पद्धतींनी लिहिता येते. उदाहरणादाखल घेतलेला हा बिंदू पाहा:

```
18.50750, 73.41250
18°30'27.0"N 73°24'45.0"E
18 30.450, 73 24.750
```

पहिल्या ओळीत नुसते अंश आहेत, दशांशात. दुसरीत अंश, मिनिटं आणि सेकंद. तिसरीत अंश आणि दशांशातली मिनिटं. तिन्ही ओळी एकाच ठिकाणी नेतात, पण एका ओळीतला आकडा दुसऱ्या पद्धतीचा समजून वाचला की बिघडलंच. एका अंशात 60 मिनिटं आणि एका मिनिटात 60 सेकंद असतात, म्हणून 27 सेकंद म्हणजे 0.45 मिनिट. ते 30 मिनिटांत मिळवले की 30.45 मिनिटं. त्याला 60 ने भागलं की 0.5075 अंश. म्हणून 18.5075. रेखांशालाही हाच हिशोब: 45 सेकंद म्हणजे 0.75 मिनिट, 24.75 भागिले 60 म्हणजे 0.4125.

हा भागाकार न करता कोणी तिसरी ओळ सरळ एकत्र करून 18.3045, 73.2475 असं लिहिलं तर? आकडे दिसायला अगदी व्यवस्थित आहेत, ॲप तक्रार करत नाही, पिनही पडते. फक्त ती खऱ्या जागेपासून सुमारे 28 किलोमीटर नैऋत्येला पडते. ही चूक सर्वांत वाईट, कारण पिन त्याच मुलखात दिसते आणि कोणाला शंका येत नाही. ओळखायची खूण अशी: मिनिटं आणि सेकंद कधीच 60 किंवा त्याहून जास्त नसतात. त्या जागी 75 दिसलं तर तो मिनिटांचा आकडा नाही. उलट बाजूने मात्र ही खूण चालत नाही. दशांशातले पहिले दोन अंक 60 पेक्षा कमी असू शकतातच, त्यामुळे 18.30 पाहून काहीच ठरत नाही. म्हणून अंशाचं, मिनिटाचं आणि सेकंदाचं चिन्ह लिहिताना गाळू नका. आयफोनचं कंपास ॲप अंश-मिनिट-सेकंद दाखवतं आणि नकाशा बहुतेक वेळा दशांश. तिथला एक आकडा आणि इथला एक असं मिसळू नये.

क्रम आधी अक्षांश, मग रेखांश. अक्षांश 90 च्या पुढे जात नाही, रेखांश 180 पर्यंत जातो. त्यामुळे पहिला आकडा 90 हून मोठा असेल तर अदलाबदल झाली हे लगेच कळतं. आपल्या उदाहरणात तशी मदत मिळत नाही, कारण दोन्ही आकडे 90 च्या आत आहेत. ते उलटे लिहिले तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते. ही चूक मोठी असल्यामुळे निदान लपत तरी नाही. काही तांत्रिक फाइलींमध्ये रेखांश आधी लिहायची रीत आहे. तिथून आकडे उचलणाऱ्यांनी क्रम आधी तपासावा.

दिशेचं अक्षर किंवा उणे चिन्ह हाही आकड्याचाच भाग आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेचे अक्षांश आणि ग्रिनिचच्या पश्चिमेचे रेखांश उणे लिहितात. आपल्याच बिंदूच्या रेखांशाला चुकून उणे लागलं, तर पिन हैतीच्या किनाऱ्याजवळ जाते. एकाच आकड्याला उणे चिन्हही लावायचं आणि दिशेचं अक्षरही, असं करू नका. दोन्हींपैकी एकच वापरा.

दशांश चिन्हापुढे किती अंक ठेवायचे? अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण 111 किलोमीटर. त्यामुळे चौथा अंक सुमारे 11 मीटरचा आणि पाचवा सुमारे 1 मीटरचा. पाच अंक भरपूर झाले. सहावा-सातवा अंक असला म्हणून फोनला जागा अधिक नेमकी कळलेली नसते, त्याची स्वतःची चूकच पाच मीटरची आहे. उलट सुटसुटीत करण्याच्या नादात 18.51, 73.41 एवढंच लिहिलं तर माणूस जवळजवळ 380 मीटर लांब पोचतो. रात्री, उंच गवतात, एवढं अंतर म्हणजे जागा न सापडण्यासारखंच.

लिंक पाठवणाऱ्यांसाठी एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकतात. संगणकावर नकाशा उघडल्यावर ब्राउझरच्या पट्टीत असा पत्ता दिसतो:

```
https://www.google.com/maps/@18.5102,73.4181,16z
```

त्यातल्या @ पुढचे आकडे पिनेचे नाहीत. ते पडद्याच्या मध्यबिंदूचे आहेत. नकाशा थोडा सरकवा, ते बदलतात. इथे ते आपल्या बिंदूपासून अर्ध्या किलोमीटरहून जास्त दूर आहेत. शेवटचा 16z म्हणजे नकाशा किती मोठा केला आहे त्याचं माप. संगणकावर खात्रीचा मार्ग म्हणजे हव्या त्या जागी माउसचं उजवं बटण दाबायचं. वर अक्षांश-रेखांशाची ओळ येते, तिच्यावर क्लिक केलं की आकडे कॉपी होतात. पिन दाखवणारी लिंक स्वतः तयार करायची असेल तर ती अशी:

```
https://www.google.com/maps/search/?api=1&query=18.50750%2C73.41250
```

यातलं %2C म्हणजे स्वल्पविराम. लिंकसोबत नुसते आकडेही लिहावेत. समोरच्याकडे इंटरनेट नसलं तरी आधी उतरवून ठेवलेल्या नकाशात तो ते टाकू शकतो.

आकडे हाताने उतरवू नका, कॉपी करा. दशांशासाठी टिंबच वापरा, कारण स्वल्पविराम दोन आकड्यांना वेगळं करायला लागतो. टाइप करावंच लागलं तर कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. देवनागरी अंक प्रत्येक ॲपला कळतीलच असं नाही. आणि फोनवर बोलून सांगायची वेळ आली तर एकेक अंक सुटा म्हणा: सात, तीन, पॉइंट, चार, एक, दोन, पाच. खरखर येत असलेल्या फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फरक ऐकू येत नाही. अंशाच्या जागी अशी गफलत झाली तर दहा अंश, म्हणजे हजाराच्या घरातले किलोमीटर गेले. ऐकणाऱ्याकडून सगळे अंक परत वदवून घ्यावेत, त्यात संकोच कसला.

जुन्या छापील नकाशावरून आकडे काढणार असाल तर एक ध्यानात असू द्या. फोनची जीपीएस डब्ल्यूजीएस 84 नावाच्या पद्धतीने मोजते आणि कागदी नकाशे बऱ्याचदा वेगळ्या पायावर आखलेले असतात. ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची जी प्रसिद्ध रेषा आखलेली आहे, तिच्यावर फोन धरला तर तो शून्य दाखवत नाही. जीपीएसचं शून्य तिथून सुमारे 102 मीटर पूर्वेला आहे. तेव्हा कागदावरचा आकडा फोनमध्ये टाकल्यावर शे-दोनशे मीटरचा फरक दिसला तर आधी नकाशाच्या समासातली माहिती वाचा.

पाठवण्याआधी शेवटची तपासणी करायची ती तयार संदेशावरच. संदेशातून आकडे कॉपी करा, पिन काढून टाका, आकडे शोधपट्टीत चिकटवा आणि पिन त्याच फाटकावर पडते का ते सॅटेलाइट दृश्यात पाहा. जमलं तर दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या नकाशाच्या ॲपमध्येही. मग संदेशात आकड्यांखाली एक ओळ शब्दांत लिहा: कोणत्या बाजूने यायचं आणि तिथे काय दिसेल. "उत्तरेकडून या, पुलानंतर डावीकडे, निळं लोखंडी फाटक." पिन निळ्या फाटकाऐवजी उसाच्या फडात पडली आहे हे येणाऱ्याला त्या ओळीवरूनच कळेल आणि तो तिथूनच तुम्हाला फोन करील.