पेरणीआधी पाऊस मोजा: वावरातले साधे हवामान केंद्र

नागपूर जिल्ह्यात मृगाची पहिली जोरदार सर येऊन गेली की कृषी केंद्रांपुढे गर्दी होते आणि "पाऊस चांगला झाला" एवढ्या बोलण्यावर सरकी व सोयाबीन जमिनीत जाते. नंतर आठ-दहा दिवस उघाड पडली की कोंब करपतात आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, ही शिफारस बहुतेकांना पाठ आहे. आपल्या वावरात किती पडला हे मोजणारा मात्र गावात क्वचितच सापडतो. मंडळातील केंद्राचा आकडा त्या केंद्राच्या जागेचा असतो, आणि जूनमधील सर एका शिवाराला भिजवून शेजारचे कोरडे ठेवते. ज्याला बियाणे विकायचे आहे, त्याच्याकडून पावसाचा अंदाज घेऊ नये.

पर्जन्यमापकाचे तत्त्व सोपे आहे. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले, तर तो 1 मिलिमीटर पाऊस होय. घरी करायचे असल्यास 16 सेंटिमीटर व्यासाचे खोल नरसाळे आणि पाच लिटरची कॅन घ्यावी. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 200 चौरस सेंटिमीटर येते, म्हणून कॅनमध्ये जमलेले प्रत्येक 20 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस धरावा. उथळ नरसाळ्यातून थेंब बाहेर उडतात आणि आकडा कमी येतो. कॅन अर्धी जमिनीत पुरून नरसाळ्याची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच व सपाट ठेवावी, आणि झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे. पाच मीटरच्या बाभळीपासून दहा मीटर दूर. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजपात्रात ओतून वहीत आकडा लिहावा आणि नरसाळ्यात पान अडकले नाही ना, तेही पाहावे.

समजा पाच सकाळी अनुक्रमे 360, 30, शून्य, 640 आणि 210 मिलिलिटर पाणी मिळाले. वीसने भागल्यावर 18, 1.5, 0, 32 आणि 10.5, म्हणजे एकूण 62 मिलिमीटर होतात. लोक म्हणतील, दोन दणके बसले, आता पेरा. पण शिफारशीला अजून 13 मिलिमीटर कमी आहेत. शिवाय 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा दिवस हवामान खातेही पावसाचा दिवस धरत नाही. मध्ये आठवडाभर उघाड गेली, तर जुनी बेरीज तशीच पुढे नेऊ नये. शिफारशीत नाही, पण आमचा अंदाज असा की काळ्या जमिनीत वीतभर खोदून तळच्या मातीचा लाडू वळला तरच ओल पुरेशी समजावी.

दुकानात मोबाइलला जोडणारे महागडे यंत्र दाखवले जाते. त्यातले छोटे दोलपात्र ठरावीक पाण्याने, बहुधा 0.2 मिलिमीटरला, एकदा कलंडते आणि कलंडण्याची मोजणी होते. धुळीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने ते अडकले की बाहेर धो-धो पाऊस असताना मोबाइल शून्य दाखवतो. फार जोराच्या सरीत ते कमीही मोजते. घेतलेच असेल, तर शेजारी कॅन ठेवून आकडे ताडून पाहावेत.

वायुदाबमापकात हवा काढलेली पातळ धातूची डबी असते. बाहेरचा दाब वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते आणि काटा हलतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच असल्याने येथील प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा सुमारे 35 हेक्टोपास्कल कमी असतो. यंत्र बिघडले असे समजू नये. दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. सकाळचा आकडा दुपारशी ताडणाऱ्याला म्हणूनच रोजच पाऊस येणार असे वाटते. आजच्या दहाची तुलना कालच्या दहाशीच करावी. दोन दिवस सलग उतार दिसला, तर बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र इकडे सरकत असण्याची शक्यता असते. वळवाच्या सरीचा अंदाज मात्र यातून येत नाही, आणि केवळ त्यावर पेरणी करू नये.

वाऱ्याच्या मापकात तीन-चार वाट्या फिरतात, कारण खोलगट बाजूला वारा फुगीर बाजूपेक्षा जास्त जोर लावतो. फेऱ्यांवरून वेग कळतो. दोन-तीन मीटर उंच, मोकळ्या जागी खांबावर तो बसवावा. ताशी 15 किलोमीटरच्या वर वारा असेल, तर फवारणी थांबवावी. हातात धरायचा साधा मापकही पुरतो.

पावसाची वाट पाहताना करावयाची कामे: बियाण्याची उगवण तपासणे (सोयाबीन किमान 70 टक्के), थायरम 3 ग्रॅम प्रतिकिलो बीजप्रक्रिया, त्यानंतर रायझोबियम, धुऱ्यांची व चरांची दुरुस्ती, तिफणीची तपासणी.