एक स्टार आणि खाली "एक नंबर!": फीडबॅक बघताना या चुका टाळा

म्हापशात बसून मी होमस्टे आणि छोट्या हॉटेलवाल्यांचे फीडबॅक शीटमध्ये भरून रिपोर्ट काढून देते. दर सीझनला कोणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी मदतीला येते आणि दर सीझनला त्याच चुका होतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्टार आणि मजकूर जुळत नाही दिसलं की लगेच स्टार "दुरुस्त" करायचा. कोण चुकलंय ते आधी बघायचंच नाही. चूक पाहुण्याची असेल, फॉर्मची असेल किंवा तुमच्या सॉफ्टवेअरची असेल, तिन्हीवर औषध वेगळं आहे.

काणकोणच्या बाजूचा एक होमस्टे होता. रिसेप्शनवर छापील कार्ड ठेवलेलं, त्यावर रूम, जेवण, स्वच्छता, स्टाफ अशा चार ओळी, खाली "एकूण", आणि प्रत्येकीपुढे 1 ते 5 चौकोन. 1 म्हणजे वाईट की 5 म्हणजे वाईट, कुठे एक शब्द नाही. सीझन संपल्यावर 140 कार्डं माझ्याकडे आली, "एकूण"ची सरासरी 3.8. मालक म्हणाले, "बाय, लोक तर मिठ्या मारून जातात, मग हे असं कसं?" शीट उघडलं तर "एकूण"ला 1 दिलेली 26 कार्डं, आणि त्यातल्या कित्येकांवर कौतुक. एका पुण्याच्या कुटुंबाने लिहिलेलं "जेवण एक नंबर!" आणि टिक 1 वर. आता सांगा, आपल्या भाषेत एक नंबर म्हणजे काय? आणि जर्मन पाहुण्यांचं वेगळंच, त्यांच्याकडे शाळेत 1 हा सगळ्यात चांगला ग्रेड आणि 6 सगळ्यात वाईट, त्यांनी तर अगदी प्रामाणिकपणे 1 दिलेला.

मदतीला असलेल्या मुलाने हे बघितलं आणि मी जेवायला गेले तेवढ्यात सगळे 26 च्या 26 एक काढून पाच करून ठेवले. सरासरी 4.5! खूश होऊन मला सांगतोय, "ताई, प्रॉब्लेम सुटला." मी मूळ फाइल वेगळी ठेवली होती म्हणून वाचलो, नाहीतर संपलं होतं. कारण त्या 26 पैकी 9 जणांनी खरोखरच शिव्या घातल्या होत्या, त्यातल्या पाच एकाच रूमबद्दल, बाथरूममधून गटाराचा वास येतो म्हणून. ते पाचही याच्या शीटमध्ये खूश पाहुणे झाले होते.

मग ओळखायचं कसं? माझी सवय अशी आहे की आधी चारही ओळी बघायच्या. चारही ठिकाणी 1 आणि खाली कौतुक, म्हणजे माणसाने स्केल उलटी वाचली. रूमला 4, जेवणाला 4 आणि स्वच्छतेला 1 असेल तर त्याला स्केल नीट कळलेली आहे, तो 1 खरा आहे, मजकूर कितीही गोड असू दे. दुसरं म्हणजे हे कुठून आलंय ते बघायचं. याच होमस्टेच्या ऑनलाइन रिव्ह्यूंमध्ये असा घोळ एकही नव्हता, सगळा घोळ कार्डांवर. घोळ एकाच ठिकाणी साचलेला असला की फॉर्मवर संशय घ्यायचा, पाहुण्यांवर नाही.

शेवटी 11 कार्डं उलटी निघाली, 9 खरी तक्रार आणि 6 वर मजकूरच नाही आणि चारही ओळी 1. त्या 6 चं काही ठरवता येत नाही, आणि ठरवायचंही नाही. रिपोर्टमध्ये तीन आकडे दिले: जसं आहे तसं 3.8, ती 11 पाच धरली तर 4.1, कोरी 6 पण धरली तर 4.3. मालकांना एकच आकडा हवा होता, मी दिला नाही. मूळ स्टारच्या कॉलमला मी कधीच हात लावत नाही, शेजारी "माझं वाचन" आणि "कारण" असे दोन कॉलम, बस.

दुसरी माझी लाडकी चूक, मशीनने दिलेल्या स्कोअरला मजकूर समजणं. बहुतेक जण मजकूर एखाद्या शब्दयादीवाल्या टूलमधून काढतात, प्रत्येक रिव्ह्यूला -1 ते +1 असा स्कोअर मिळतो. यादी इंग्रजी आणि आपले लोक लिहितात रोमीत, म्हणजे कोंकणी पण इंग्रजी अक्षरांत. "patrao bore, jevan ekdam mast" असा पाच स्टारचा रिव्ह्यू होता, म्हणजे मालक चांगला, जेवण मस्त. इंग्रजी यादीला यातला एकच शब्द कळला, bore, म्हणजे कंटाळवाणं! झाला निगेटिव्ह, झाला मिसमॅच. आणि "ekdam bekar" ला स्कोअर शून्य, कारण bekar यादीतच नाही, त्यामुळे खरा मिसमॅच असला तरी दिसणारच नाही. म्हणून मी आधी इंग्रजी आणि बाकीचे रिव्ह्यू वेगळे करते, बाकीचे स्वतः वाचते. वेळ लागतो, लागू दे. आणि जुळलेल्यांमधलेही वीस-तीस उचलून वाचते, कारण सुटलेले तिथेच लपलेले असतात.

शीटमध्ये मी फक्त एवढं लावते, C मध्ये स्टार, E मध्ये स्कोअर; "खाली-गोड" म्हणजे स्टार कमी पण मजकूर गोड, "वर-कडू" म्हणजे त्याच्या उलट:

```
=IF(NOT(ISNUMBER(C2)),"स्टार बघा",IF(AND(C2<=2,E2>=0.4),"खाली-गोड",IF(AND(C2>=4,E2<=-0.4),"वर-कडू","")))
```

ISNUMBER गाळू नका. स्टारचा सेल रिकामा असेल तर शीट त्याला शून्य धरतं आणि स्टार न दिलेले सगळे गोड रिव्ह्यू "खाली-गोड" म्हणून उभे राहतात. उलट एक्सपोर्टमधून 2 हा आकडा टेक्स्ट म्हणून आला तर तो तुलनेत कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, म्हणजे वैतागलेला दोन स्टारवाला "वर-कडू" होतो. मुलं यावर अख्खा दिवस घालवतात.

3 स्टारला मिसमॅच म्हणू नका, तिथे गोड-कडू दोन्ही असणारच.

दहापैकी गुण देणाऱ्या साइटचा डेटा पाचवाल्यात तसाच ओतू नका, दहापैकी पाच म्हणजे पाच स्टार नव्हेत.

स्टार आणि स्कोअरची सरासरी काढू नका. का ते विचारूही नका.

"वर-कडू" वाले मात्र डिलीट करू नका, हात जोडते. गोव्यात हे फार. मालकीण काकूंनी स्वतः सोलकढी वाढलेली, निघताना समोर उभ्या, माणूस पाचच देणार, आणि मग लिहिताना हळूच "पूण उदक येना". स्टार काकूंना आहेत, मजकूर नळाला आहे. असा रिव्ह्यू मी दोन ओळींत तोडते, एक स्टाफखाली, एक पाण्याखाली, स्टार तसाच. त्या काणकोणवाल्यांकडे पाण्याच्या सात तक्रारी निघाल्या, आणि त्यातल्या सहा पाच स्टारच्या कार्डांवर होत्या.

पुढच्या सीझनला कार्डावर 1 खाली "खूप वाईट" आणि 5 खाली "खूप छान" छापून घेतलं, इंग्रजीतही. पहिल्या महिन्यात उलटं कार्ड एकच आलं, त्यावर त्या माणसाने "खूप वाईट" खोडून स्वतःच्या हाताने "नंबर वन" लिहिलं होतं.