मयत व्यक्तीचा आयकर रिफंड अडकलाय? वारसांनो, या चुका टाळा

वडिलांनी हयातीत रिटर्न भरलं, रिफंड निघाला, पण पैसे खात्यात येण्याआधीच ते गेले. अशी प्रकरणं कोल्हापुरात माझ्या टेबलावर वरचेवर येतात. बँकेतल्या ठेवीवर टीडीएस कापला गेलेला असतो, रक्कम दहा-वीस हजारांची असते आणि घरच्यांनी येण्याआधी काही ना काही करून पाहिलेलं असतं. काम मुळात सरळ आहे. वारसाने incometax.gov.in वर स्वतःच्या लॉगिनमधून नोंदणी करायची, कागद जोडायचे, मंजुरी घ्यायची आणि मग रिफंड पुन्हा मागायचा. तरीही चुका त्याच त्या होतात.

गेलेल्या माणसाच्या लॉगिनमधून काम उरकणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. वडिलांचा मोबाइल घरातच असतो, पासवर्ड डायरीत लिहिलेला असतो, ओटीपी येतो. "नोंदणी-बिंदणी कशाला, दोन मिनिटांत होतंय की," असं म्हणून मुलगा वडिलांच्या नावानेच लॉगिन करतो. पण पोर्टलवर तुम्ही जे व्हेरिफाय करता ती त्या व्यक्तीची सही असते. मृत्यूच्या तारखेनंतर त्यांच्या आधार ओटीपीने केलेली सही कुणाची म्हणायची? आयकर खात्याने उद्या विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

शिवाय हा रस्ता पुढे बंदच होतो. वडिलांच्या लॉगिनमध्ये आईचं किंवा तुमचं खातं जोडायला गेलात तर पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, त्यामुळे खातं व्हॅलिडेट होत नाही. तेवढ्यात रिचार्ज नाही म्हणून सिम बंद पडतं आणि ओटीपीचा मार्गही संपतो. ज्यांना घाई असते त्यांचेच महिने जास्त जातात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

योग्य वाट अशी. वारसाने स्वतःच्या पॅनने लॉगिन करायचं. `Authorised Partners` मध्ये `Register as Representative Assessee` निवडायचं, नवी विनंती तयार करायची आणि प्रकार म्हणून मयत व्यक्तीचा वारस हा पर्याय घ्यायचा. मयताचा पॅन, नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख भरायची. मयताचं पॅन कार्ड, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. नुकसानभरपाईचं हमीपत्र ऐच्छिक आहे. एखाद्या आदेशाविरुद्ध अपील करायचं असेल तरच त्या आदेशाची प्रत लागते, नुसत्या रिफंडसाठी नाही. शेवटी ओटीपी येतो तो तुमच्या मोबाइलवर. खात्याने मंजुरीसाठी सात दिवस सांगितलेले आहेत. मंजुरी मिळाली की स्वतःच्याच लॉगिनमधून प्रोफाइल बदलून मयताच्या वतीने काम करता येतं.

पुरावा एकाच्या नावाचा, नोंदणी दुसऱ्याची

करवीर तालुक्यातल्या एका घरातलं प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात तीन चुका एकापाठोपाठ एक आल्या.

वडील शेतकरी. 2024-25 या आर्थिक वर्षात ठेवींवर 1,86,400 रुपये व्याज मिळालं. पंधरा-एच फॉर्म द्यायचा राहिला, म्हणून बँकेने दहा टक्क्यांनी 18,640 रुपये कापले. बाकी उत्पन्न उसाचं, म्हणजे शेतीचं. करपात्र उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याने कापलेली सगळी रक्कम परत मिळणार होती. जूनमध्ये रिटर्न भरलं आणि व्हेरिफायही केलं. ऑगस्टमध्ये ते वारले. घरच्यांनी खातं बंद करून रक्कम आईच्या खात्यात वळवली आणि रिफंड बंद खात्यावरून माघारी गेला.

मुलाने वारस म्हणून नोंदणी केली ती नियमाप्रमाणे, स्वतःच्या लॉगिनमधून. पुरावा म्हणून महसूल कार्यालयातून मिळालेला वारस दाखला जोडला. विनंती नामंजूर झाली. त्याने तोच कागद पुन्हा चढवला, पुन्हा नामंजूर. माझ्याकडे आला तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता, "सर, दाखला तर सरकारीच आहे की, मग नाकारला कसा?"

दाखला खराच होता, पण मराठीत होता. विनंती तपासणारा माणूस महाराष्ट्रातलाच असेल असं नाही. प्रादेशिक भाषेतल्या कागदासोबत इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर लागतं आणि त्यावर नोटरी लागते. नामंजुरीचं कारण विनंतीतच लिहिलेलं असतं. ते न वाचता तोच कागद पुन्हा पाठवण्यात काहीच हशील नसतो. म्हणून कुणी नामंजुरी घेऊन आलं की मी सगळ्यात आधी ते कारण उघडून मोठ्याने वाचायला लावतो.

पण हे कळण्याआधी मुलाने आणखी एक प्रयत्न करून ठेवला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने बँकेचं पत्र आणलं. बँकेचं पत्र चालतं, आणि खेड्यातल्या माणसाला ते दाखल्यापेक्षा लवकर मिळतं. लेटरहेडवर, शिक्का आणि सहीसह, मृत्यूच्या वेळी त्या खात्याचा नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार कोण होता हे त्यात लिहिलेलं हवं. पत्र छान इंग्रजीत होतं. त्यात संयुक्त खातेदार म्हणून नाव होतं आईचं, आणि नोंदणी करत होता मुलगा. तीही विनंती परत आली. पुराव्यात ज्याचं नाव, नोंदणी त्यानेच करायची, ही एवढी साधी गोष्ट सुटलेली.

"माझं कशाला, पोरगं करतंय की सगळं," आई म्हणाल्या. ठेवींमुळे त्यांचा पॅन काढलेला होता, पोर्टलवर खातं मात्र नव्हतं. आधी त्यांची पोर्टलवर नोंदणी केली, मोबाइल त्यांचाच दिला, आणि बँकेचं तेच पत्र जोडून वारस म्हणून विनंती त्यांच्या नावाने टाकली.

इथे तिसरी अडचण निघाली, आणि ती आपल्या भागातली खास आहे. पॅनवर नाव होतं "बाळासो", मृत्यूच्या दाखल्यावर "बाळासाहेब". आपल्याकडे रावसो, बापूसो, आबासो ही नावं कागदोपत्री कधी आखूड, कधी लांब लिहिली जातात आणि गावात कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. स्क्रीनवर बघणाऱ्याला मात्र ती दोन माणसं दिसतात. फरक एवढाच असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मी मृत्यूच्या दाखल्याच्याच पीडीएफमध्ये, दाखल्याच्या मागे जोडतो. वडिलांचं किंवा आजोबांचं नाव किंवा आडनावच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. जिथे मृत्यूची नोंद झाली त्या निबंधकाकडे अर्ज करून नोंद दुरुस्त करून घ्या, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात त्यासाठी तरतूद आहे. आणि नोंद जिथे मृत्यू झाला तिथे असते. माणूस गावचा असला तरी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात गेला असेल तर दाखला कोल्हापूर महापालिकेचा, ग्रामपंचायतीचा नाही.

या वेळी मंजुरी आली. आईंच्या लॉगिनमधून मयताची प्रोफाइल उघडली, आईंचं बँक खातं जोडलं आणि मगच `Services` मधल्या `Refund Reissue` मधून विनंती टाकली. खात्यासमोर `Validated` दिसेपर्यंत रीइश्यूला हात लावायचा नाही, ही माझी सवय. खातं व्हॅलिडेट होत नसेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबण्यापेक्षा मंजुरीची प्रत आणि बँकेचं पत्र जोडून पोर्टलवरच तक्रार नोंदवा.

जो कागद मागितलेलाच नाही तो चढवणं

सातबारावरची वारस नोंद किंवा फेरफार, रेशन कार्ड, स्टॅम्पपेपरवर "मी एकमेव वारस आहे" असं स्वतःच लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, यातलं काहीही वारसाचा पुरावा म्हणून यादीत नाही. यादीत आहेत ते न्यायालयाचा किंवा महसूल अधिकाऱ्यांचा वारस दाखला, हयात कुटुंबीयांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा दाखला आणि वर सांगितलेलं बँकेचं पत्र. घरात कुटुंब निवृत्तिवेतन चालू असेल तर तोच कागद आधी काढा. इतक्या छोट्या रिफंडसाठी कसबा बावड्याला कोर्टात दावा लावायला मी कुणाला सांगत नाही.

खातं आणि पॅन घाईने बंद करणं

रिफंड येणं बाकी असेल तर खातं बंद करण्याआधी बँकेशी बोला. रिझर्व्ह बँकेने 2005 मध्येच बँकांना मुभा दिली होती की मयताच्या नावावर येणारी रक्कम "इस्टेट ऑफ" अशा नावाच्या खात्यात घ्यावी, नाहीतर खातेदार मयत असा शेरा मारून परत पाठवावी आणि वारसांना कळवावं. खातं बंद केलंत की रक्कम परतच जाणार. पॅनचंही तसंच. रिफंड हातात येईपर्यंत पॅन परत करू नका.

काही गोष्टी थोडक्यात. प्रत्येक फाइल पाच एमबीच्या आत ठेवा आणि मोबाइलवर तिरपा फोटो काढण्यापेक्षा झेरॉक्सवाल्याकडून नीट स्कॅन करून घ्या. मयताने रिटर्न भरलं पण व्हेरिफाय केलं नसेल तर रिफंड निघालेलाच नसतो, आधी ते मिटवा. रिटर्नच भरलेलं नसेल आणि मुदत उलटली असेल तर अपडेटेड रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही. विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, तोही 2024 च्या परिपत्रकानुसार संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. मृत्यूच्या तारखेनंतरचं व्याज वडिलांच्या रिटर्नमध्ये दाखवू नका.

जुनी थकबाकी असेल तर आयकर खातं ती रिफंडमधून वळती करू शकतं. मंजुरी मिळाल्यावर आलेल्या नोटिसा आधी वाचा, उत्तर द्यायला मुदत असते. थकबाकीच्या भीतीने नोंदणीच टाळणारी माणसंही भेटतात. वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मात्र थकबाकी बाकी असताना ती मालमत्ता विकली किंवा वाटून टाकली तर तेवढ्या किमतीपुरती जबाबदारी वारसावर व्यक्तिशः येते.

नोंदणी एकाने केली म्हणून पैसे एकट्याचे होत नाहीत. करवीरच्या त्या घरात रिफंड आईंच्या खात्यात जमा झाला, तेव्हा दोन्ही मुलींनाही बोलावून घ्यायला मी सांगितलं. कुणाचा वाटा किती, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. रिफंडवर मिळालेलं व्याज करपात्र असतं, ते पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायची नोंद मी त्यांच्या फाइलवर केली, आणि वडिलांचा पॅन परत करायचा अर्ज त्यानंतरच लिहिला.